व्हीजीए फोनचे जुने ट्रेक-फोटो आणि सुपर-रिझोल्यूशन: स्पष्ट फोटो नेमके कसे 'बिघडवायचे'?

सह्यभटक्या

आमच्या ट्रेकिंग ग्रुपचे २००५ ते २००९ या काळातले बरेच फोटो त्या वेळच्या फोनवर काढलेले आहेत. ६४० बाय ४८०, आकाश पांढरंफटक, सावलीत सगळा चिखल. त्यातल्या काही जागा आता तशा राहिलेल्या नाहीत, काही माणसंही नाहीत, म्हणून ते चौपट मोठे करून छापायचा विचार आहे.

त्यासाठी छोटं मॉडेल स्वतः ट्रेन करतोय. माझ्याकडे त्याच गडांचे अलीकडचे डीएसएलआरचे भरपूर स्पष्ट फोटो आहेत. ते बायक्युबिकने चारपट लहान केले, लहान फोटो इनपुट आणि मूळ फोटो उत्तर, अशा जोड्या बनवल्या. बाजूला ठेवलेल्या फोटोंवर निकाल झकास येतो, आकडेही छान. पण खरा २००७ चा फोटो दिला की आकाशात वाळू पसरल्यासारखं दिसतं आणि कड्याच्या कडेला चौकटी-चौकटी उठून येतात. फोटो मोठा होतो आणि त्यातली घाणही मोठी होते.

ब्लर, नॉइज आणि जेपेग कॉम्प्रेशन घालायला हवं इतकं कळलं. प्रश्न असा की किती घालायचं, कोणत्या क्रमाने, आणि घातलेलं 'खऱ्यासारखं' आहे की नाही हे ओळखायचं कसं?

---

डोंबिवलीकर_काका

म्हणजे आधी चांगले फोटो खराब करायचे, मग ते चांगले करायला शिकवायचं. सरकारी रस्त्याचं टेंडर आहे की काय हे?

रुमाल टाकून ठेवतो.

---

मोगरा

माझ्याकडे आजीचा एकच फोटो आहे, १९६० च्या आसपासचा, कोपरा फाटलेला. त्याला कुठलं अ‍ॅप चांगलं? फुकट असेल तर बरं.

---

पिक्सेलमामा

भटक्या, तुमच्या मॉडेलने चूक केलेली नाही. तुम्ही विचारलं तेच ते शिकलंय. बायक्युबिकने नीट चारपट लहान करताना शेजारच्या पिक्सेलांची सरासरी निघते. त्यात मूळ फोटोतला नॉइज जवळजवळ मरतो आणि जेपेगच्या चौकटीही पुसल्या जातात. म्हणजे मॉडेलने आयुष्यात फक्त स्वच्छ छोटे फोटो पाहिलेत. त्याच्या दृष्टीने छोट्या फोटोतला प्रत्येक ठिपका ही खरी गोष्ट आहे, कारण ट्रेनिंगमध्ये ती तशीच होती. मग आकाशातला नॉइज दिसला की ते त्याचेही इमानेइतबारे बारकावे काढतं.

किती आणि कोणत्या क्रमाने याचं उत्तर पुस्तकात शोधू नका, त्या फोटोच्या जन्मकथेत शोधा. प्रकाश आधी स्वस्त प्लास्टिकच्या भिंगातून गेला, मग सेन्सरवर पडला, तिथे नॉइज आला, मग फोनच्या आतल्या प्रोसेसरने रंग भरले, थोडा नॉइज पुसला, कडा टोकदार केल्या, आणि शेवटी जेपेग केलं. तुमचं पाइपलाइन याच क्रमाने हवं. जेपेग करून मग नॉइज घातलात, तर तसा फोटो जगात कुठलाही फोन काढत नाही.

रात्री सविस्तर लिहितो, आत्ता ऑफिसात आहे.

---

निनाद_म्युनिक

एवढा खटाटोप कशाला? २०२१ मध्ये यावर दोन प्रसिद्ध पेपर आले. बीएसआरगॅनने ब्लर, लहान करणं, नॉइज या पायऱ्यांचा क्रमच दर वेळी पिसला. रिअल-ईएसआरगॅनने पूर्ण साखळी लागोपाठ दोनदा चालवली, कारण नेटवरचा फोटो एकदाच खराब झालेला नसतो. दोघांचाही कोड उपलब्ध आहे. रिअल-ईएसआरगॅनमध्ये जेपेगची क्वालिटी ३० ते ९५ मधून कुठलीही उचलतात, गाउशियन नॉइजचा सिग्मा, म्हणजे त्याचा जोर, १ ते ३० मधून. रेंज जितकी मोठी, तितकं मॉडेल दणकट. तुमचा फोटो त्या रेंजमध्ये कुठेतरी बसणारच. डेटा बनवणाऱ्याने डोकं चालवण्यापेक्षा रँडमला काम करू द्यावं.

---

रेवती_जे

निनाद, अर्धं पटलं. रेंज अरुंद ठेवली तर मॉडेल बाहेरच्या फोटोवर आपटतं हे खरं. पण फार रुंद ठेवली तर वेगळा आजार होतो. समोरचा ठिपका नॉइज आहे की कातळावरचं शेवाळ हे मॉडेलला कळेनासं होतं. सिग्मा ३० ची शक्यता कायम डोक्यात असेल, तर ते सावधपणे सगळंच गुळगुळीत करतं. मग माणसांचे चेहरे मेणाचे आणि गवत ऑइलपेंटचं. त्या मॉडेल्सचे निकाल चित्र काढल्यासारखे दिसतात, त्याचं हे एक कारण आहे.

नेटवरचा कुठलाही फोटो सुधारायचा असेल तर रुंद रेंज ठीक. भटक्याकडे एक-दोन ठरावीक फोनचे फोटो आहेत. माहीत असलेली गोष्ट माहीत नसल्यासारखी का वागवायची?

---

निनाद_म्युनिक

@रेवती_जे, गुळगुळीतपणा लॉस फंक्शनमुळे, म्हणजे ट्रेनिंगमध्ये चूक मोजायच्या सूत्रामुळेही येतो, सगळं बिल डेटाच्या नावे फाडू नका. :)

---

पिक्सेलमामा

आलो.

एका फोटोवर पूर्ण चालवून दाखवतो. समजा तुमचा डीएसएलआरचा राजगडचा फोटो ६००० बाय ४००० आहे. फोनचा फोटो ४:३ प्रमाणात आहे, म्हणून आधी कापून ५३३३ बाय ४००० करा. मग तो नीट लहान करून २५६० बाय १९२० करा. हे तुमचं 'उत्तर', म्हणजे ६४० बाय ४८० च्या बरोबर चारपट. ही पायरी गाळू नका. डीएसएलआरचा फोटोही पूर्ण आकारात पिक्सेल-पिक्सेल पाहिला तर किंचित मऊच असतो आणि त्यातही जेपेग असतं. दुपटीने लहान केल्यावर तो खऱ्या अर्थाने स्पष्ट होतो. उत्तरातच खोट असेल तर मॉडेल ती खोट शिकेल.

आता इथून खाली उतरायचं. गॅमा काढून टाका, म्हणजे पिक्सेलची किंमत प्रकाशाच्या प्रमाणात येईल. भिंगाचा ब्लर इथे घाला. मग चार बाय चार पिक्सेलांची सरासरी घेऊन लहान करा, कारण सेन्सरचा एक मोठा पिक्सेल तेवढ्या जागेतला प्रकाश एकत्र गोळा करतो. त्यानंतर प्रत्येक पिक्सेलचा लाल, हिरवा, निळा यातला एकच रंग ठेवा, सेन्सरच्या बायर जाळीप्रमाणे. नॉइज आत्ता घाला: एक भाग प्रकाशाबरोबर वाढणारा, एक भाग कायमचा. मग उरलेले रंग शेजाऱ्यांवरून भरा, गॅमा परत लावा, कडा थोड्या टोकदार करा, आणि जेपेग.

नॉइज बायर जाळीवर घालण्याचा आग्रह का, ते सांगतो. फोटो पूर्ण झाल्यावर रँडम नॉइज घातला तर प्रत्येक पिक्सेलचा नॉइज शेजाऱ्यापासून स्वतंत्र असतो, अगदी बारीक मिठासारखा. खऱ्या फोटोत रंग भरताना शेजाऱ्यांकडून उसनवारी होते, त्यामुळे नॉइजचे दोन-तीन पिक्सेलांचे पुंजके होतात. मिठावर शिकलेलं मॉडेल पुंजक्यांना नॉइज मानतच नाही, पोत मानतं. तुमच्या आकाशातली वाळू त्या जातीची असावी.

गॅमाचंही तसंच. गॅमा सावलीतल्या किमती ताणतो, त्यामुळे सावलीत नॉइज जास्त दिसतो. सगळीकडे सारखा नॉइज घातलात तर गुहेची भिंत आकाशाइतकीच स्वच्छ राहील, आणि फोनच्या फोटोत तसं कधीच नसतं.

मोजायला आकाशाचा सपाट तुकडा घ्या, खऱ्या फोटोतला आणि तुम्ही बनवलेल्यातला:

```python
s = sky.astype("float32")      # एकच चॅनेल
p = s - cv2.GaussianBlur(s, (0, 0), 8)
print(p.std())
print((p[:, 1:] * p[:, :-1]).mean() / (p * p).mean())
```

पहिला आकडा नॉइज किती, दुसरा शेजाऱ्यांशी नातं किती. सुटा नॉइज असेल तर दुसरा शून्याजवळ राहतो, पुंजके असतील तर चांगलाच वर जातो. दोन्ही आकडे जुळेपर्यंत नॉब फिरवा. आणि जुळवणी साखळीच्या शेवटी करायची, जेपेग झाल्यावर. जेपेग बारीक नॉइज बराच खातं, त्यामुळे खऱ्या फोटोत मोजलेला आकडा थेट सेन्सरच्या पायरीला भरलात तर शेवटी नॉइज कमी पडेल.

---

सह्यभटक्या

मामा, दंडवत. हे मोजून बघतो.

जेपेगची क्वालिटी मात्र अंदाजानेच ठेवू का? ५० ते ८० वगैरे?

---

रेवती_जे

अंदाज नको. ती फाइलमध्येच लिहिलेली असते.

```python
from PIL import Image, JpegImagePlugin as J
im = Image.open("trek_2007.jpg")
print(im.quantization[0][:8], J.get_sampling(im))
```

पहिले आठ आकडे `8 6 5 8 12 20 26 31` असे आले तर ते नेहमीचं टेबल आहे, क्वालिटी ७५ ला. `16 11 10 16 24 40 51 61` आले तर ५०. इतर क्वालिटींना याच टेबलाचे आकडे कमी-जास्त होतात. आणि कुठल्याच क्वालिटीच्या नेहमीच्या टेबलाशी न जुळणारे आकडे आले तर फोन कंपनीने स्वतःचं टेबल वापरलंय. तसं असेल तर 'क्वालिटी' हा शब्दच विसरा आणि तेच टेबल उचलून सेव्ह करताना द्या. पिलोमध्ये `qtables=` ला थेट देता येतं, `subsampling=` ही त्याच फाइलचं ठेवा. दुसरा आकडा २ आला तर रंगांची माहिती दोन्ही दिशांनी अर्धी केलेली आहे.

फोनच्या कार्डावरून थेट कॉपी केलेल्या फाइलींसाठीच हे चालेल. कुणी ऑर्कुटवर चढवून तिथून परत उतरवलेला किंवा नंतर फॉरवर्ड होत आलेला फोटो असेल तर टेबल शेवटच्या कॉम्प्रेशनचं मिळतं, आधीच्याचं पुसलं गेलेलं असतं. त्या फोटोंचा गठ्ठा वेगळा करा आणि त्यांच्यासाठी दुसऱ्यांदा जेपेगची पायरी जोडा. निनादने सांगितलेली दोनदा चालवण्याची कल्पना इथे खरी उपयोगी आहे.

---

डोंबिवलीकर_काका

सोळा अकरा दहा सोळा चोवीस... आमच्या वेळी मटक्याचे आकडे असे यायचे.

---

शिलालेखवाला

थोडं वेगळं विचारतो. माझ्याकडे काही शिलालेखांचे आणि मोडी कागदांचे असेच जुने फोटो आहेत. ही पद्धत वापरून न लागणारी अक्षरं लावता येतील का?

---

रेवती_जे

@शिलालेखवाला, कृपया करू नका. मी स्कॅन केलेल्या दस्तऐवजांवर काम करते आणि हे डोळ्यांनी पाहिलंय. अक्षर चार पिक्सेलांत मावलेलं असेल तर तिथे माहितीच नसते. मॉडेल तिथे ट्रेनिंगमध्ये पाहिलेल्या अक्षरांपैकी जवळचं एखादं ठेवतं, आणि तेही इतक्या स्वच्छ कडांनी की शंका येत नाही. काना गायब होतो, 'घ' चा 'ध' होतो. धूसर अक्षर निदान धूसर तरी दिसतं, वाचणारा थांबतो. शिलालेखाला तिरका उजेड टाकून पुन्हा फोटो काढा, त्यात खरी नवी माहिती मिळेल.

---

शिलालेखवाला

दगड आता पाण्याखाली आहे हो, धरणात. पण मुद्दा कळला. धन्यवाद.

---

छायाप्रकाश

मी फोटोग्राफर आहे, कोड कळत नाही. एक बाळबोध प्रश्न. खोटं बिघडवण्यापेक्षा खरीच जोडी का काढत नाही? ट्रायपॉडवर कॅमेरा, एकदा वाइड आणि एकदा झूम, झाली जोडी.

---

निनाद_म्युनिक

@छायाप्रकाश, बाळबोध नाही, २०१९ चा रिअलएसआर डेटासेट असाच आहे, कॅनन आणि निकॉनवर फोकल लेंग्थ बदलून काढलेला. अडचण अशी की झूम बदलला की विकृती बदलते, प्रकाश बदलतो, पान हललं तर जोडी तुटते. पिक्सेलवर पिक्सेल बसवायला फार झगडावं लागतं, आणि थोडीही चूक राहिली की मॉडेल धूसर उत्तरं द्यायला शिकतं. शिवाय शिकतं ते त्या कॅमेऱ्याचं, भटक्याच्या फोनचं नाही.

---

छायाप्रकाश

मग तो फोनच घ्या ना. जुना हँडसेट कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये असेलच.

---

सह्यभटक्या

अरे हो! एक आहे. बॅटरी फुगलीये, पण चार्जर लावून ठेवला तर चालू होतो. मग त्यावर काय काढू?

---

पिक्सेलमामा

@छायाप्रकाश, आख्ख्या धाग्यातली सगळ्यात कामाची सूचना तुमची.

भटक्या, फुगलेली बॅटरी लावून चार्ज करू नका. दुसरी सुटी बॅटरी मिळते का बघा, आधी ते.

त्या फोनने जोड्या काढायच्या नाहीत, फोन मोजायचा. पांढऱ्या कागदावर लेझर प्रिंटरने काळा चौकोन छापा, भिंतीवर साधारण ५ अंश तिरका लावा आणि उजेडात फोटो काढा. तिरक्या कडेमुळे प्रत्येक ओळीत कड थोडी थोडी सरकते, त्या सगळ्या ओळी एकत्र लावल्या की पिक्सेलपेक्षा बारीक पायरीने कड कशी पसरते ते दिसतं. तो पसारा म्हणजे तुमचा ब्लर. एक फोटो चौकोन मधोमध ठेवून, एक कोपऱ्यात. प्लास्टिकच्या भिंगात कोपरा मध्यापेक्षा बराच मऊ निघेल, म्हणून ट्रेनिंगचा छोटा तुकडा, म्हणजे पॅच, फोटोच्या कोणत्या भागातून आला त्यानुसार कर्नल, म्हणजे ब्लरचा आकड्यांचा साचा, बदला. काळ्याच्या बाजूला आणखी काळी आणि पांढऱ्याच्या बाजूला आणखी पांढरी रेघ दिसली, तर ती फोनने केलेली शार्पनिंग. तीही त्यातूनच मोजता येते.

नॉइजसाठी साधा राखाडी पुठ्ठा, वेगवेगळ्या उजेडात.

आणि त्याच फोनचे सगळ्यांचे फोटो नसतील हे गृहीत धरा. मोजलेले आकडे हे केंद्र, त्याच्या दोन्ही बाजूंना थोडी मोकळीक ठेवा.

---

निनाद_म्युनिक

थोडी म्हणजे किती? इथेच तर वाद आहे.

---

रेवती_जे

मी तरी बहुतेक जोड्या मोजलेल्या आकड्यांच्या आसपास ठेवीन आणि थोड्या रुंद रेंजमधून. प्रमाण मात्र खऱ्या फोटोंवर बघूनच ठरतं, याचं सूत्र कुणाकडे असेल असं वाटत नाही.

---

सह्यभटक्या

रविवारी बसलो. अपडेट देतो.

बॅटरी मिळाली. तिरक्या चौकोनात कडेला पांढरी रेघ ठळक दिसते, म्हणजे शार्पनिंग आहेच. टेबल कंपनीचं स्वतःचं निघालं. नॉइज बायर जाळीवर घातल्यावर शेजाऱ्यांशी नात्याचा आकडा खऱ्याच्या जवळ आला. नव्या जोड्यांवर ट्रेन केल्यावर आकाशातली वाळू जवळजवळ गेली.

पण दोन नवीन भानगडी. एक, मॉडेलचा निकाल आणि बायक्युबिकने मोठा केलेला फोटो एकावर एक ठेवून उघडझाप केली तर सगळा फोटो तिरका सरकतो, पिक्सेल-दीड पिक्सेल. दोन, चौकटी कमी झाल्या पण काही फोटोंत अजून आहेत. जोड्या बनवताना आधी पॅच कापतो, मग त्या पॅचवर सगळी साखळी चालवतो, वेळ वाचतो म्हणून.

---

पिक्सेलमामा

सरकण्याचं कारण लहान करण्याच्या ओळीत सापडेल. कुठेतरी `hr[::4, ::4]` आहे का? त्यात चार बाय चारच्या खिडकीतला वरचा डावा पिक्सेल उचलला जातो. खिडकीचा मध्य त्यापासून दीड पिक्सेल दूर आहे. प्रत्येक जोडीत तेवढी घसरण असेल तर मॉडेल प्रामाणिकपणे फोटो दीड पिक्सेल ढकलायला शिकतं. ब्लरचा कर्नल सम आकाराचा असेल तर त्याने अर्धा पिक्सेल आणखी. कर्नल विषम ठेवा आणि लहान करायला सरासरी घ्या, ओपनसीव्हीत `INTER_AREA`.

जाता जाता: ओपनसीव्हीचं `INTER_CUBIC` लहान करताना आधी ब्लर करत नाही, पिलोचं बायक्युबिक करतं. दोन्हींचं नाव बायक्युबिकच. पहिल्याने केलेल्या छोट्या फोटोत जिन्याच्या पायऱ्यांसारख्या कडा राहतात. ट्रेनिंगला एक आणि चाचणीला दुसरं वापरलं की लोक आठवडाभर डोकं आपटतात.

चौकटींचं: पॅच कापून मग जेपेग केलंत की आठ बाय आठची जाळी प्रत्येक पॅचच्या कोपऱ्यापासूनच सुरू होते. काही खरे फोटो कुणीतरी कापलेले असतात, त्यांची जाळी कुठूनही सुरू होते. आधी पूर्ण फोटोवर साखळी चालवा, मग छोट्या फोटोतून कुठूनही पॅच उचला.

---

निनाद_म्युनिक

इथे मात्र असहमत. कन्व्होल्यूशन नेटवर्कला पॅचचा कोपरा कुठे आहे हे माहीतच नसतं, सरकवलेल्या इनपुटला सरकवलेलं उत्तर देतं. जाळी कुठून सुरू होते याने फरक पडू नये.

---

पिक्सेलमामा

साध्या कन्व्होल्यूशनसाठी पॅचच्या मध्यभागी तुमचं बरोबर. पण पॅच लहान असतात आणि कडेला शून्यांचं पॅडिंग असतं, तिथून जागा कळते. आणि नेटवर्कच्या सुरुवातीला पिक्सेल-अनशफल असेल, म्हणजे पिक्सेलांचे ठरावीक चौकोनी गट करून आत घेत असाल, किंवा ट्रान्सफॉर्मरच्या खिडक्या असतील तर तो नियम राहतच नाही. स्विनआयआर या ट्रान्सफॉर्मर मॉडेलवाल्यांनी एरवी ८ ची खिडकी वापरली, पण जेपेग सुधारण्यासाठी ७ ची घेतली, कारण ८ ची जेपेगच्या जाळीवर नेमकी बसत होती आणि निकाल पडत होता. भटक्या, तुमच्या मॉडेलमध्ये सुरुवातीला काय आहे?

---

सह्यभटक्या

पिक्सेल-अनशफल आहे. वेगासाठी.

---

निनाद_म्युनिक

ओके. मागे घेतो. अर्धं.

---

रेवती_जे

कोणते फोटो कापलेले आहेत ते तपासताही येतं:

```python
d = np.abs(np.diff(y.astype(float), axis=1)).mean(axis=0)
print([round(d[k::8].mean(), 2) for k in range(8)])
```

`y` म्हणजे फक्त उजळपणा. न कापलेल्या फोटोत शेवटचा, आठवा आकडा उठून दिसतो, कारण चौकटीची शिवण सातव्या आणि आठव्या रकान्यामध्ये पडते, शून्यापासून मोजलं तर. उंचवटा दुसरीकडे असेल तर फोटो कापून पुन्हा सेव्ह झालाय. दोन उंचवटे म्हणजे दोनदा कॉम्प्रेस. उंचवटाच नसेल पण डोळ्यांना चौकटी दिसत असतील तर जेपेगनंतर कुणीतरी आकार बदललाय, आणि हे सगळ्यात वाईट, कारण तिथे चौकट आठ पिक्सेलांची राहतच नाही. तशा फोटोंसाठी साखळीत जेपेगनंतर आकार बदलायची पायरी लागेल.

आणखी एक. जोड्या बनवताना सपाट पॅच टाकून देताय का?

---

सह्यभटक्या

हो, आकाश-बिकाश काढून टाकतो. त्यात शिकण्यासारखं काय?

---

रेवती_जे

शिकण्यासारखं हे की आकाश रिकामं असतं. सगळेच पॅच झाडी-कातळाचे असतील तर मॉडेलला वाटतं प्रत्येक ठिकाणी पोत असायलाच हवा, आणि ते ढगावरही गवत उगवतं. थोडी सपाट ठेवाच. धूसर पार्श्वभूमीचेही थोडे ठेवा, नाहीतर मुद्दाम आउट-ऑफ-फोकस ठेवलेलं झाड ते टोकदार करायला जाईल.

---

मोगरा

माझ्या आजीच्या फोटोचं कुणी सांगितलं नाही. :(

---

छायाप्रकाश

@मोगरा, तुमचा फोटो कागदावरचा आहे, वरची सगळी चर्चा फोनच्या फोटोंची. अ‍ॅपच्या आधी तो चांगल्या स्कॅनरवर ६०० डीपीआयला स्कॅन करा आणि जेपेग न करता टिफ ठेवा. फोटो लहान असेल तर १२०० ला करा. फाटलेला कोपरा हाताने भरलेला बरा. चेहरा सुधारणाऱ्या अ‍ॅपमध्ये आजी दुसऱ्याच कुणाची तरी दिसायला लागते.

---

मोगरा

बरं. माझ्या मामेभावाने केला होता एका अ‍ॅपमध्ये, खरंच नाक बदललं होतं.

---

सह्यभटक्या

पूर्ण फोटोवर साखळी, मग पॅच, असं केलं. घसरण गेली, कारण `::4` होतंच. चौकटी बऱ्याच गेल्या. आता बनवलेले छोटे फोटो आणि खरे फोटो सरमिसळ करून ग्रुपातल्या एकाला दाखवले. त्याने तरी बरेच बरोबर ओळखले. म्हणाला खऱ्यांत सावलीत हिरवे-जांभळे डाग आहेत, तुझ्यात नाहीत.

---

पिक्सेलमामा

मित्राचे डोळे चांगले आहेत. नॉइज आल्यावर फोनने रंगांचा नॉइज वेगळा दाबलेला असतो, उजळपणाचा तितका नाही. त्यामुळे रंगाचा बारीक नॉइज पसरून मोठे डाग होतात. गॅमानंतर फोटो वायसीबीसीआरमध्ये न्या, दोन रंगांच्या चॅनेलना मोठा ब्लर द्या, उजळपणाला हात लावू नका, मग जेपेग. ब्लर किती ते डागांच्या आकारावरून ठरवा. वर दिलेला नात्याचा आकडा रंगाच्या चॅनेलवर काढा, फक्त एका पिक्सेलऐवजी आठ-दहा पिक्सेल अंतरावर.

आणि छोटा फोटो मॉडेलला देण्याआधी ० ते २५५ मध्ये पूर्णांक होतोय ना, तेही बघा. जेपेगमधून खरंच सेव्ह करून परत वाचत असाल तर होतोच. जीपीयूवर नकली जेपेग चालवत असाल तर दशांश उरतात, आणि खऱ्या फाइलीत ती माहिती कधीच नसते.

---

निनाद_म्युनिक

एक राहिलं. रिअल-ईएसआरगॅनमध्ये उत्तराच्या फोटोलाही शार्पन करतात, अनशार्प मास्कने. निकाल जास्त कुरकुरीत येतो. करून बघा.

---

रेवती_जे

नको. कडेला पांढरी रेघ असलेलं उत्तर शिकवलं तर मॉडेल तीच रेघ काढणार, आणि भटक्याच्या इनपुटमध्ये फोनने केलेली रेघ आधीच आहे. त्याला ती पुसायची आहे, दुप्पट करायची नाही.

---

निनाद_म्युनिक

छापल्यावर थोडी रेघ लागतेच, कुठल्याही प्रिंटवाल्याला विचारा.

---

छायाप्रकाश

लागते, पण ती छापताना कागद बघून घालायची. मॅट कागदाला वेगळी, ग्लॉसीला वेगळी. फाइलमध्ये आधीच भाजलेली असली की मला काढता येत नाही.

---

सह्यभटक्या

दोन्ही करून बघतो. रंगाच्या डागांचं चालू आहे. लाल जॅकेटांच्या कडेला रंग सांडतोय, ब्लर बहुतेक जास्त झाला.

---

डोंबिवलीकर_काका

भटक्या, फोटो छापून झाले की एक इकडे चिकटव. २००७ चा आणि आत्ताचा, शेजारी-शेजारी. कोणता बिघडवलेला ते आम्ही ओळखतो.